गझल ठेवली, शबनम विसरलो

लग्नाचा मोसम सुरू झाला की आपल्या मोबाइलवर एक ठरावीक चित्रफीत फिरू लागते. घरारा घातलेली नवरी हळूहळू मागे वळून पाहते, मागे फिकट पिवळा प्रकाश असतो आणि खाली 'बाज़ार' चित्रपटातली एक गझल वाजत असते. शिरपूर असो, चोपडा असो की धुळे, सगळीकडे हाच नमुना. खाली प्रतिक्रियांमध्ये कुणी 'तहज़ीब' लिहितं, कुणी 'ते दिवस किती सुंदर होते' म्हणून उसासा टाकतं. वीस-बावीस वर्षांची ही मुलं-मुली आहेत. ज्या दशकासाठी ती उसासे टाकतात त्या दशकात त्यांचे आईवडील शाळेत जात होते.

मला घराऱ्याबद्दल तक्रार नाही आणि गझलेबद्दल तर मुळीच नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. ऐंशीच्या दशकातल्या मुस्लिम जीवनावरच्या चित्रपटांमधून आपण पोशाख उचलला, संगीत उचललं आणि ज्या चिंतेपायी ते चित्रपट निघाले ती चिंता तेवढी मागे टाकली. ही निव्वळ विस्मृती असती तर सोडून देता आलं असतं. पण ती चिंता गैरसोयीची आहे आणि गझल सोयीची आहे, म्हणून ही निवड झाली आहे. मित्रांनो, थोडं स्पष्ट बोलू या.

शिरपूरकरांना या विषयावर बोलण्याचा विशेष हक्क आहे. 'बाज़ार'ची नायिका स्मिता पाटील. तिचे वडील, स्वातंत्र्यसैनिक आणि पुढे राज्यात मंत्री झालेले शिवाजीराव गिरधर पाटील, याच शिरपूरचे. स्मिता वाढली पुण्यात आणि मुंबईत. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देताना ती जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायची, हा तिचा किस्सा प्रसिद्ध आहे. पडद्यावर दिसतो तेवढाच पोशाख, बाकी खाली आपलं आपण. हा किस्सा लक्षात ठेवा. ऐंशीच्या दशकातल्या चित्रपटांकडे बघायचं ते असंच. वर काय गुंडाळलं आहे ते पाहायचं आणि त्याखाली काय आहे तेही पाहायचं.

'बाज़ार' १९८२ साली आला. दिग्दर्शक सागर सरहदी. फाळणीत सरहद्दीकडचं गाव सोडून आलेला, उर्दूत लिहिणारा हा माणूस. 'कभी कभी' आणि 'सिलसिला' या यश चोप्रांच्या झगमगीत चित्रपटांसाठी त्यानं लेखन केलं होतं. स्वतः दिग्दर्शन करायची वेळ आली तेव्हा मात्र त्यानं काश्मीरच्या फुलबागा निवडल्या नाहीत. त्यानं हैदराबादची जुनी गल्ली आणि तिथे चाललेला मुलींचा सौदा निवडला.

ज्यांनी फक्त गाणी ऐकली आहेत त्यांच्यासाठी गोष्ट सांगतो. नजमा, म्हणजे स्मिता पाटील, पडत्या काळातल्या नवाबी घराण्यातली मुलगी. घराण्याची इभ्रत मोठी, त्यामुळे कुणी कामधंदा करायचा नाही. मग घर चालावं कसं? घरच्यांनी तिच्याच रूपाचा सौदा मांडला, म्हणून ती अख्तर नावाच्या माणसासोबत मुंबईला आली. अख्तर आज निकाह करतो, उद्या करतो म्हणत वर्षं काढतो. त्याची भिस्त शाकिर खान या आखातातून पैसा कमावून आलेल्या उतारवयाच्या माणसावर. शाकिरला आता कोवळी नवरी हवी आहे. अख्तर नजमाला म्हणतो, हैदराबादला जाऊन याच्यासाठी मुलगी बघू, त्याचं काम झालं की आपलंही जमेल. नजमा तयार होते. मुलगी सापडते ती शबनम, म्हणजे सुप्रिया पाठक. तिचं प्रेम असतं सरजू या साध्या, गरीब मुलावर. ती भूमिका फारुख शेखची. घरात पैसा नाही, समोर आखातातली रक्कम आहे, सौदा ठरतो. निकाह होतो आणि शबनम जीव देते. शेवटी नजमा उभी राहून सांगते की या गुन्ह्यात मीही सामील आहे. अख्तरला सोडून ती बाहेर पडते.

आता या गोष्टीचा हिशेब कागदावर मांडून बघा. दुकानदार मांडतो तसाच. शाकिरनं पैसा दिला, त्याला मुलगी मिळाली. शबनमच्या घरच्यांनी मुलगी दिली, त्यांना पैसा मिळाला. अख्तरनं मध्यस्थी केली, त्याचा आश्रयदाता खूश झाला. नजमानं आपली ओळख आणि हैदराबादचा आपला शब्द वापरला, तिला मिळालं निकाहचं आणखी एक आश्वासन. या चार नोंदींत शबनम जमेच्याही बाजूला नाही, खर्चाच्याही नाही. ती माल आहे. म्हणूनच चित्रपटाचं नाव 'मोहब्बत' किंवा 'जुदाई' नाही, 'बाज़ार' आहे.

सरहदीनं यात एकही राक्षस उभा केलेला नाही, हे त्याचं मोठेपण. शाकिर खान मारझोड करणारा खलनायक नाही. तो रीतसर निकाह लावतो, दावत देतो, मेहर देतो. घरचे मुलीवर प्रेम करतात. नजमा तर आपली नायिकाच. प्रत्येकाकडे आपापलं कारण आहे आणि सगळ्यांची कारणं एकत्र आली की एका मुलीचा जीव जातो. सगळं काही रीतीनं झालं, तरी जुलूम झाला, हे या चित्रपटाचं म्हणणं आहे. ते पचवायला जड आहे. गझल पचवायला सोपी आहे.

आता संगीताकडे येऊ. कारण 'बाज़ार'चं संगीत सजावट म्हणून नाही, ते पुराव्यासारखं आहे. संगीतकार खय्याम. त्यांनी या चित्रपटासाठी नव्या गीतकाराकडून चारदोन प्रेमगीतं लिहून घेतली नाहीत. त्यांनी अठराव्या शतकातल्या मीर तक़ी मीरची गझल घेतली आणि ती लता मंगेशकरांनी गायली. हैदराबादचे साम्यवादी कवी मख़दूम मोहिउद्दीन यांची रचना घेतली, ती लता आणि तलत अज़ीज़ यांनी गायली. भूपिंदरच्या आवाजातली जी रचना आज सर्वात जास्त फिरते ती बशर नवाज़ यांची. बशर नवाज़ आपल्या महाराष्ट्राचे, औरंगाबादचे. किती जणांना हे ठाऊक आहे? घराऱ्याच्या बटणांचा रंग ठाऊक असणाऱ्यांनी हेही ठाऊक करून घ्यावं.

चौथं गाणं सर्वात महत्त्वाचं आहे. ते खय्याम यांच्या पत्नी जगजीत कौर यांनी गायलं आहे. चित्रपटात ते शबनमच्या लग्नाच्या वेळी येतं. आज हेच गाणं मी पाठवणीच्या चित्रफितींखाली जोडलेलं पाहिलं आहे, नवरी रडते आहे, वडील डोळे पुसत आहेत, कॅमेरा फिरतो आहे. ते शब्द कुठून आले ते ऐका. एकोणिसाव्या शतकात लखनौच्या मिर्ज़ा शौक़ यांनी 'ज़हर-ए-इश्क़' नावाची मसनवी लिहिली. तिच्यात एक मुलगी विष घेण्याच्या आधी आपल्या प्रियकराचा निरोप घेते. ते शब्द त्या निरोपाचे आहेत. सरहदी आणि खय्याम यांनी ते मुद्दाम शबनमसाठी निवडले, कारण तिचं पुढे काय होणार हे त्यांना ठाऊक होतं. उर्दू जाणणारा प्रेक्षक ते गाणं ऐकतानाच हबकत असे. आणि आपण ते आपल्या बहिणीच्या पाठवणीला लावतो! मरायला निघालेल्या मुलीचा निरोप हा आपल्याला लग्नाचा 'व्हाइब' वाटतो. पोशाख आणि सूर ठेवून अर्थ काढून टाकला की हे असं होतं.

त्या दशकात ही गाणी घरोघर पोचली कशी, तेही बघण्यासारखं आहे. सत्तरच्या दशकात तेलाचे भाव चढले, आखातात कामगारांची मागणी वाढली आणि भारतातून लाखो माणसं तिकडे गेली. परत येताना त्यांनी टू-इन-वन आणले, पुढे व्हीसीआर आणले. कॅसेट स्वस्त झाली. रेडिओनं न वाजवलेली गझलही माणूस स्वतःच्या घरात हवी तेवढ्या वेळा ऐकू लागला. जगजीत-चित्रा, गुलाम अली, पंकज उधास घरात आले ते याच वाटेनं. म्हणजे ज्या आखाती पैशानं शबनम विकत घेतली त्याच पैशानं आलेल्या टेपवर शबनमचं गाणं वाजत होतं. हे कुणाला टोचायला म्हणून सांगत नाही. आखाती कमाईनं हजारो घरांना पक्कं छप्पर दिलं, मुलांना शिक्षण दिलं. पण पैसा एकाच वेळी दोन्ही कामं करतो, छप्परही देतो आणि किंमतही लावतो. ऐंशीच्या दशकाची खरी चिंता ही होती.

काही लोक म्हणतील, हे चित्रपट आपल्याला बदनाम करायला काढले. या मंडळींनी १९९१ सालची घटना आठवावी. 'बाज़ार' येऊन नऊ वर्षं झाली होती. हैदराबादहून निघालेल्या विमानात एका हवाई सुंदरीला एक लहान मुलगी रडताना दिसली. मुलीचं वय दहा-अकरा. शेजारी साठीच्या आसपासचा सौदी माणूस, तो तिचा नवरा म्हणून बसलेला. हवाई सुंदरीनं विचारपूस केली, दिल्लीत पोलीस बोलावले गेले आणि देशभर खळबळ उडाली. सरहदीनं जे पडद्यावर दाखवलं ते अतिशयोक्त नव्हतं. उलट त्यानं हात आखडता घेतला होता, त्याची शबनम निदान मोठी तरी होती. बदनामी आरसा करत नाही.

त्याच १९८२ सालचा दुसरा चित्रपट 'निकाह'. बी. आर. चोप्रा दिग्दर्शक, कथा-संवाद अचला नागर यांचे, संगीत रवी यांचं, गीतं हसन कमाल यांची, नायिका सलमा आग़ा. या चित्रपटाचा पोशाख 'बाज़ार'पेक्षा वेगळा आहे. इथे पैसेवाले लोक आहेत, सुंदर शरारे आणि साड्या आहेत, मोठे दिवाणखाने आहेत. नीलोफरचा नवरा वसीम रागाच्या भरात तीनदा तलाक़ उच्चारतो. पुढे ती हैदरशी निकाह करते. मग हैदरलाही वाटतं की तिचं मन अजून पहिल्या नवऱ्यात आहे आणि तो मोठ्या उदारपणे तिला सोडायला निघतो. तेव्हा नीलोफर दोघांनाही सुनावते की मी काही हातोहात द्यायची वस्तू नाही. चित्रपट तुफान चालला. घरोघरी बायकांनी तो पाहिला आणि ज्या शब्दाबद्दल घरात कुजबुजणंही कठीण होतं त्यावर चर्चा होऊ लागली. हे त्याचं श्रेय मी काढून घेणार नाही.

पण 'निकाह'मध्ये एक मोठी पोकळी आहे. नीलोफर तरुण आहे, सुंदर आहे, शिकलेली आहे, तिला माहेर आहे, मासिकात नोकरी मिळते आणि दुसरा नवराही मिळतो. तलाक़नंतर उद्याचं जेवण कुठून येणार हा प्रश्न तिला पडत नाही. हा चित्रपट थिएटरांत गर्दी खेचत होता तेव्हा इंदूरच्या शाहबानो यांचा खटला न्यायालयात पडून होता. त्यांचं लग्न १९३२ सालचं. नवरा पेशानं वकील. १९७८ साली, वयाच्या ६२ व्या वर्षी, त्यांना तलाक़ मिळाला. खालच्या न्यायालयानं महिन्याला २५ रुपये पोटगी ठरवली, उच्च न्यायालयानं ती १७९ रुपये २० पैसे केली. नवरा तेवढ्याविरुद्धही सर्वोच्च न्यायालयात गेला. एप्रिल १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पीठानं शाहबानोंच्या बाजूनं निकाल दिला आणि १९८६ साली संसदेनं कायदा करून त्या निकालाची धार बोथट केली.

नीलोफर आणि शाहबानो यांना शेजारी ठेवून बघा. एकीचा प्रश्न मानाचा, दुसरीचा १७९ रुपये २० पैशांचा. व्यावसायिक चित्रपटाला मानाचा प्रश्न परवडतो, कारण तो सुंदर कपड्यांत मांडता येतो. साठी ओलांडलेल्या बाईच्या पोटगीवर कुणी गझल लिहीत नाही. दशकाची चिंता चित्रपटात शोधायची तर चित्रपट काय दाखवतो एवढंच पाहून भागत नाही. त्याच वेळी बाहेर काय चाललं होतं आणि चित्रपटानं त्यातलं काय गाळलं, हेही पाहावं लागतं.

आता दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द. 'हे सगळे मुसलमानांचेच प्रश्न' असं म्हणून सुटकेचा श्वास टाकणारे शेजारी आपल्याकडे कमी नाहीत. त्यांनी याच १९८२ सालचा, याच स्मिता पाटीलचा मराठी 'उंबरठा' पाहावा. दिग्दर्शक जब्बार पटेल, पटकथा विजय तेंडुलकरांची, मूळ कादंबरी शांता निसळ यांची 'बेघर'. सुलभा महाजन ही सुशिक्षित, सुखवस्तू ब्राह्मण घरातली सून. तिला महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून काम करायचं आहे. नवरा वकील, सभ्य, बोलायला गोड. ती कामाला जाते, तर घर तिच्याशिवाय आपली घडी बसवून घेतं आणि नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई येते. इथे तलाक़ नाही, काज़ी नाही, मेहर नाही. तरी शेवटी सुलभाही नजमासारखीच एकटी बाहेर पडते. नजमाच्या अंगावर हैदराबादी ओढणी, सुलभाच्या अंगावर सुती साडी आणि डोळ्यांना चष्मा. एका चित्रपटात मीरची गझल, दुसऱ्यात अमरावतीच्या सुरेश भटांची. दोन्हीकडे आवाज लताचा. पोशाख वेगळा, दार एकच. कायद्यांतला फरक खरा आहे आणि तो मिटायलाच हवा, पण बाईला घराचा माल समजण्याची खोड एकाच धर्माची मक्तेदारी नाही, हे या एका अभिनेत्रीनं एकाच वर्षात दोन भाषांत दाखवून ठेवलं आहे.

आता पोशाखाबद्दल. घरारा, खडा दुपट्टा, शेरवानी हे कोणाचं? लखनौच्या आणि हैदराबादच्या उमरावांचं. ऐंशीच्या दशकात खानदेशातला मुसलमान कोण होता? धुळ्याचा यंत्रमागवाला, बागवान, कापूस पिंजणारा पिंजारी, बांगड्या विकणारा मणियार, रावेर-यावलकडचा तडवी. घरातल्या वडीलधाऱ्या बायका साडीत असत. बोली अर्धी दखनी, अर्धी अहिराणी. तुमच्या घरातला त्या काळचा लग्नाचा अल्बम काढा. आजीच्या अंगावर काय आहे? अब्बांच्या अंगावर शेरवानी आहे की टेरिकॉटचा सफारी? बहुतेक अल्बमांत तुम्हाला घरारा सापडणार नाही. म्हणजे 'आपली तहज़ीब' म्हणून आपण जे अंगावर चढवतो ते आपल्या आजीचं नाहीच, ते चित्रपटाच्या वेशभूषाकाराचं आहे. हौस म्हणून जरूर घाला. पण त्याला वारसा म्हणाल तर आजीची साडी आणि तिची बोली ही दोन्ही तुमच्या हातून निसटतील. त्या दशकातल्या एकाही गाजलेल्या चित्रपटानं खानदेशी मुसलमानाला नायक केलं नाही. निदान आपण तरी त्याला विसरू नये.

दशक संपताना, १९८९ साली, सईद मिर्ज़ांचा 'सलीम लंगडे पे मत रो' आला आणि सगळंच बदललं. तिथे नवाब नाही, मैफल नाही. मुंबईच्या मुस्लिम वस्तीतला सलीम हा भुरटा गुंड, भूमिका पवन मल्होत्राची. बाप गिरणीतून बेकार झालेला, बहिणीचं लग्न व्हायचं आहे. तिच्यासाठी येतो अस्लम, उर्दू वर्तमानपत्रात मुद्रितं तपासणारा शिकलेला मुलगा. त्याच्या नादानं सलीम विचार करू लागतो आणि सुधारायची वेळ येते तेव्हाच मारला जातो. सात वर्षांत चिंता घराच्या आतून रस्त्यावर आली होती. बेकारी, दंगल, पोलीस, 'तू कोण' हा प्रश्न. या चित्रपटाच्या पोशाखाच्या चित्रफिती मात्र कुणी करत नाही, कारण सलीमचा शर्ट आजही आपल्या चौकात उभा आहे. त्यात गतकाळाची झाक नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं. 'बाज़ार' संपूर्ण पाहा, तेवढा वेळ काढा आणि पाहताना एकच प्रश्न हातात ठेवा, शबनमला कुणी विचारलं का? मग आपल्या घरात ठरत असलेल्या पुढच्या लग्नाला तोच प्रश्न लावा. मुलीची संमती काज़ीसमोर एका शब्दात उरकली, की त्याआधी तिच्याशी कुणी बोललं? मेहरचा आकडा तिला ठाऊक आहे का? निकाहनाम्यात अटी लिहायच्या जागा असतात, त्या कुणी वाचल्या, की रेघ मारून कोऱ्या ठेवल्या? हॉलच्या सजावटीवर चार बैठका होतात, निकाहनाम्यावर एकही होत नाही, हे आपल्यापैकी कुणाला ठाऊक नाही? तलाक़चा कायदा २०१९ साली बदलला. कोरा निकाहनामा कुठलाही कायदा भरून देणार नाही, तो घरातल्या माणसांनीच भरायचा असतो.

नजमाला कळलं तेव्हा उशीर झाला होता. पण तिनं एक केलं, मध्यस्थ म्हणून मिळणारा आपला वाटा नाकारला. पुढच्या वेळी कुणी पाठवणीच्या चित्रफितीला जगजीत कौर यांचं ते गाणं जोडू लागलं, तर त्याला एवढंच सांगा की हे गाणं कुणाचं आहे आणि तिचं पुढे काय झालं.